तक्रार बंद झाल्यानंतर

मंगळवार

टीम लीडविरुद्ध मी केलेल्या तक्रारीच्या चौकशीचं पत्र हातात आहे. बैठकीत सगळ्यांसमोर आवाज चढवून अपमान केल्याचा मुद्दा सिद्ध झाला. कामं मुद्दाम काढून घेतल्याचा मुद्दा मात्र ‘पुराव्याअभावी सिद्ध होत नाही’. हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. सिद्ध न होणं म्हणजे खोटं ठरणं नव्हे, हे एचआरने समजावलं, पण त्या वाक्याच्या दोन्ही बाजूंची माणसं आता एकाच टीममध्ये बसणार.

आज टीम लीड, मी आणि एचआर असे तिघं बसलो. एचआरचं म्हणणं, झालं गेलं विसरून नव्याने सुरुवात करा. मी म्हटलं, “विसरणार नाही. रोज उकरूनही काढणार नाही. काम कसं करायचं ते ठरवू.” मग ठरलं: कामाचं वाटप ईमेलवर, चूक दाखवायची तर दोघांतच, आवाज चढला तर दोघांपैकी कुणीही बैठक थांबवायची. या वर्षीचं माझं मूल्यमापन लीडचे वरिष्ठ करणार. महिन्याने पुन्हा आढावा.

शेवटी लीड म्हणाले, “आता तुमच्याशी बोलताना प्रत्येक शब्द मोजावा लागतो.” राग आला, पण बोलले ते खरं होतं. मी म्हटलं, “मोजा. पण कामात काही खटकलं तर सांगायचं टाळू नका.” मला याचीच जास्त धास्ती आहे. अतिसभ्यपणे कुणी काहीच सांगेनासं झालं की माणूस हळूहळू कामाबाहेर पडतो, आणि त्याची तक्रारही करता येत नाही.

गुरुवार

क्लायंटचा कॉल माझ्याशिवाय झाला. कळलं तेव्हा पोटात गोळा आला. लगेच अर्थ लावायचा नाही, असं स्वतःला बजावून लीडना दोन ओळी लिहिल्या: “आजच्या कॉलचं निमंत्रण मला आलं नाही. पुढच्या कॉलना मी असणं अपेक्षित आहे का?” उत्तर आलं, मी रजेवर असतानाची यादी वापरली गेली होती, पुढचं निमंत्रणही सोबत. असेल तसं. वहीत तारीख, घडलेली गोष्ट, माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर एवढंच नोंदवलं, विशेषणं नाहीत. एकदा राहून गेलं तर ती चूक असू शकते. पुन्हा पुन्हा मीच वगळली गेले, तर नोंदी घेऊन एचआरकडे जाईन. तक्रारीचा सूड घेणं हे स्वतंत्र गैरवर्तन धरलं जाईल, असं पत्रातच लिहिलंय.

साक्ष दिलेला सहकारी जिन्यात भेटला. “काय झालं शेवटी?” “गोपनीय आहे रे. तुझं नाव माझ्या तोंडून कुठे निघणार नाही.” त्याचा चेहरा जरा सैलावला. बाकीच्यांना मी एवढंच सांगते की प्रक्रिया संपली. बाजू घ्यायला कुणालाच लावायचं नाही.

शुक्रवार

माझ्या वेळापत्रकात चाचणीला दिवस कमी ठेवलेत, असं लीडनी आज केबिनमध्ये सांगितलं. मला पटलं नाही, कारण दिलं. ते अडून राहिले, मीही. आवाज दोघांचाही साधाच होता. वाद सोमवारी पुढे चालू. चहाला मात्र मी त्यांच्यासोबत जात नाही, आणि तसा विचारही नाही.