निळा म्हणजे झालं की करायचं?

“लॅपटॉपवर मेलना एवढे रंग लावून ठेवलेत, मोबाईलवर त्यातला एकही दिसत नाही. तारे तेवढे दिसतात. रंग गेले कुठे?”

कुठेही गेले नाहीत. लॅपटॉपवरच आहेत, आणि बहुतेक वेळा तिथून ते कधी बाहेर पडलेलेच नसतात. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा तोंडी सांगितलंय की आता एकदाचं लिहून काढतो. “सिंक बंद असेल” असं सांगणाऱ्यांचं कृपया ऐकू नका. सिंक चालूच असतं. नाहीतर ते तारे मोबाईलवर कसे पोचले असते?

मेलचं अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यात बोलणं होतं ते आयमॅपच्या नियमांनी. (तुमचं खातं अजून पॉप या जुन्या पद्धतीवर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. त्यात खुणा सर्व्हरवर ठेवायची सोयच नाही.) आयमॅपमध्ये अगदी थोड्या खुणा आधीपासून ठरलेल्या आहेत: मेल वाचला, उत्तर दिलं, पुसायचा आहे, मसुदा आहे, आणि एक `\Flagged`, म्हणजे ‘याकडे लक्ष द्या’. या शेवटच्या खुणेला रंग नाही, तारीख नाही, नाव नाही. ती असते किंवा नसते, एवढंच. तुमच्या एका अ‍ॅपमध्ये ती तारा म्हणून दिसते, दुसऱ्यात निशाण म्हणून, पण खाली गोष्ट एकच आहे. म्हणून तारा सगळीकडे पोचतो.

बाकीचं सगळं ज्या त्या कार्यक्रमाने आपापल्या सोयीने त्यावर चढवलंय. अ‍ॅपलच्या मेलमध्ये सात रंगांची निशाणं आहेत. ती `\Flagged` लावून शेजारी `$MailFlagBit0`, `$MailFlagBit1`, `$MailFlagBit2` या जादा खुणांच्या जुळणीतून रंग ठरवतात. जादा काहीच नसेल तर लाल. दुसऱ्या अ‍ॅपला या जुळणीचा अर्थ माहीत नसतो, त्यामुळे तिथे सातही रंगांचा एकच तारा होतो. जीमेलमध्ये ब्राउझरवर निळे-जांभळे तारे लावता येतात, पण मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये ताऱ्याचा एकच प्रकार दिसतो. जीमेलची लेबलं आयमॅपने जोडलेल्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये फोल्डर होऊन येतात आणि त्यांचा रंग मागेच राहतो. आउटलुकच्या कॅटेगरीचं नाव मेलबरोबर असतं, रंगांची यादी मात्र मेलबॉक्समध्ये वेगळी ठेवलेली असते. मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरवर असेल तर दोन्ही दुसऱ्या आउटलुकला मिळतात. तेच खातं आयमॅपने जोडलेलं असेल तर कॅटेगरी सर्व्हरकडे जातच नाही.

इथवर ऐकलं की लोक म्हणतात, “बरं, म्हणजे दिसत नाही एवढंच. चालेल.” इथेच मला राग येतो. न दिसणं हा यातला सौम्य प्रकार आहे.

आमच्या ऑफिसात तक्रारींसाठी एक सामाईक मेलबॉक्स होता. दोघंजण तो थंडरबर्ड या मेलच्या अ‍ॅपमध्ये उघडायचे: एक अनुभवी मॅडम आणि त्यांच्या हाताखाली नव्याने आलेला एक मुलगा. थंडरबर्डमध्ये पाच टॅग तयारच मिळतात आणि 1 ते 5 हे आकडे दाबून लावता येतात. चौथा निळा असतो आणि त्याचं नाव `To Do`. मॅडमनी सेटिंगमध्ये जाऊन त्याचं नाव बदलून ‘झालं’ केलं होतं. रंगाला हात लावला नव्हता. तक्रारीचा निकाल लावला की त्या 4 दाबायच्या, मेल निळा व्हायचा, आणि मुलाला सांगायच्या, “मी खुणा केल्यात, त्याप्रमाणे बघ.”

मुलगा बघायचा. त्याच्या पडद्यावर तेच मेल निळेच होते, फक्त टॅगचं नाव `To Do`. तो बिचारा नेमके तेवढेच मेल काढून एकेकाला उत्तर लिहायचा. लिहून झालं की टॅग काढून टाकायचा, कारण करायचं काम आता उरलेलं नसायचं. सकाळी मॅडम बघतात तर ‘झालं’ची खूण गायब. त्या पुन्हा लावायच्या, तो पुन्हा उत्तर द्यायचा.

‘उत्तर दिलं’ची खूण आपोआप उमटते, ती त्याला दिसली नाही का, असं तुम्ही विचारणारच. नाही दिसली. मॅडम उत्तरं स्वतःच्या खात्यावरून, नवीन मेल लिहून पाठवायच्या. ती खूण अ‍ॅप लावतं, आणि तेही त्याच मेलबॉक्समधल्या मेलला ‘रिप्लाय’ केलं तरच. सामाईक मेलबॉक्सच्या दृष्टीने त्या तक्रारींना कोणी उत्तर दिलेलंच नव्हतं.

शेवटी एका तक्रारदाराला मॅडमनी पैसे परत मिळतील असं कळवलं आणि पाठोपाठ मुलाने त्याच्याकडे नव्याने कागदपत्रं मागितली. त्या माणसाने दोन्ही पत्रं एकाखाली एक लावून वर पाठवली. मुलाला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. तो सांगत होता की मेल निळा होता, आणि मॅडम सांगत होत्या की हो, निळाच होता, मग हात का लावलास? दोघं अक्षरशः खरं बोलत होते. त्या खोलीत मी होतो, आणि अजून आठवलं की बरं वाटत नाही.

माझ्याकडे प्रकरण आलं ते “सर्व्हर आमच्या खुणा खातो” या नावाने. त्यामुळे आधी सर्व्हरच तपासला. नवीन शब्दांच्या खुणा तो कायमच्या ठेवतो का, हे मेलबॉक्स उघडताना तो स्वतःच सांगतो. मग एका मेलच्या खुणा मागवल्या:

```
a1 SELECT INBOX
* OK [PERMANENTFLAGS (\Answered \Flagged \Deleted \Seen \Draft $label4 \*)]
a2 FETCH 212 (FLAGS)
* 212 FETCH (FLAGS (\Seen $label4))
```

पहिल्या उत्तरातला शेवटचा `\*` महत्त्वाचा. त्याचा अर्थ, नव्या खुणा तयार करायला परवानगी आहे. तो नसेल आणि यादीत नसलेली खूण तुम्ही लावलीत, तर सर्व्हर ती एक तर मानत नाही, नाहीतर तेवढ्या बैठकीपुरती ठेवून सोडून देतो. आमच्याकडे `\*` होता, म्हणजे सर्व्हर निर्दोष. दुसऱ्या उत्तरात बघा: ‘झालं’ कुठे आहे? `To Do` तरी कुठे आहे? निळा रंग? सर्व्हरकडे फक्त `$label4` आहे. त्या शब्दाला नाव आणि रंग चिकटतो तो ज्याच्या त्याच्या मशीनवर, थंडरबर्डच्या `prefs.js` या फाइलमध्ये. मॅडमच्या मशीनवर ही ओळ सापडली:

```
user_pref("mailnews.tags.$label4.tag", "झालं");
```

मुलाच्या मशीनवर अशी ओळच नव्हती, म्हणून तिथे मूळचं नाव दिसत होतं. टॅगचं नाव बदललं तरी त्याची आतली चावी बदलत नाही. यात थंडरबर्डला दोष देऊ नका. चावी बदलली असती तर आधी खुणा केलेले सगळे मेल एका फटक्यात बिनटॅगचे झाले असते.

मार्ग एवढाच होता की तयार पाच टॅगना हात लावायचा नाही. दोन्ही मशीनवर सेटिंगमध्ये जाऊन अगदी एकाच स्पेलिंगचा नवीन टॅग तयार करायचा. आम्ही `done` केला. नव्या टॅगची चावी त्याच्या नावावरूनच बनते, त्यामुळे दोन्हीकडे चावी `done` झाली. नाव मुद्दाम रोमनमध्ये ठेवलं. आयमॅपच्या अशा खुणांमध्ये देवनागरी चालत नाही, म्हणून मराठी नावाची चावी तयार होताना तिचं वाचता न येणारं रूपांतर होतं. चालतं ते, पण पुढे तपासायची वेळ आली की डोकं धरावं लागतं. रंग मात्र प्रत्येकाने आपला निवडला. मॅडमचा हिरवा आहे, मुलाचा तपकिरी, आणि त्याने काही बिघडत नाही.

तुमच्या बाबतीत काय झालंय हे तुम्हालाही तपासता येईल. एका मेलला तारा लावा आणि थंडरबर्डमध्ये 1 दाबा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर, कोऱ्या प्रोफाइलमध्ये तेच खातं जोडा. तारा आणि पहिला टॅग दोन्ही आले, तर खूण सर्व्हरवर आहे आणि तुमच्या मोबाईलच्या अ‍ॅपला ती दाखवता येत नाही. यावर अ‍ॅप बदलणं हाच उपाय. फक्त तारा आला, तर सर्व्हर टॅग ठेवत नाही. दोन्ही आले नाहीत, तर खातं आयमॅपवर आहे का ते आधी बघा.

पूर्वी मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो की तारा वापरा आणि रंगांचा नाद सोडा. आता तेवढं ठामपणे सांगवत नाही. तारा सगळीकडे पोचतो हे खरं, पण त्यात अर्थ एकच मावतो. सामाईक मेलबॉक्समध्ये तर तोही मावत नाही, कारण एकाने ‘मला बघायचंय’ म्हणून लावलेला तारा दुसरा ‘तातडीचं’ म्हणून वाचतो आणि काम झालं की काढून टाकतो. मग फोल्डर करा म्हणावं, तर ते खरंच प्रत्येक उपकरणावर नावासकट दिसतात. आमच्याकडे सध्या ‘निकाली’ नावाचं फोल्डर आहे. पण खूण काय किंवा फोल्डर काय, दोन्ही एका मेलला लागतात, संभाषणाला लागत नाहीत. निकाली काढलेल्या तक्रारीवर त्या माणसाचं “धन्यवाद” आलं, तरी तो नवा मेल इनबॉक्समध्ये बिनखुणेचा येऊन बसतो, आणि मुलगा तो उघडून मॅडमना विचारतो, “याचं करायचंय की झालंय?”