लक्समीटर तपासणी: तिरपा प्रकाश आणि एलईडी ट्यूब

शाळेच्या वर्गात मोजणी करण्याआधी मीटरची कोसाइन तपासणी घरीच उरकून घेतली. रात्री पडदे ओढले, एक एलईडी बल्ब लावला आणि एक मीटरवर मीटरचं डोकं कोनमापकावर बसवलं. पांढऱ्या डिफ्यूजरचा मध्य फिरण्याच्या अक्षावरच यायला हवा, नाहीतर कोनाबरोबर अंतरही बदलतं. भिंतीवरून परतणारा उजेड वजा करायलाच हवा. त्यासाठी बल्ब आणि सेन्सर यांच्यामध्ये छोटा पुठ्ठा धरायचा, सेन्सरवर त्याची सावली पडली की उरलेला आकडा टिपायचा आणि प्रत्येक कोनाच्या आकड्यातून तो वजा करायचा.

समोरून 120 लक्स आले. 60 अंशांवर निम्मे, म्हणजे 60 यायला हवेत, आले 57. इथवर ठीक. 75 अंशांवर मात्र 31 च्या जागी 24.8, म्हणजे सरळ 20 टक्के कमी! फार तिरप्या कोनात डिफ्यूजरवरून बराच उजेड परावर्तित होऊन निघून जातो, शिवाय भोवतीच्या कडेची सावलीही आड येते.

डोक्यावरच्या दिव्यांना याचा फारसा फटका बसत नाही. खिडकीच्या उजेडाला बसतो, कारण आतल्या रांगेतल्या बाकावर तो जवळजवळ आडवाच येतो.

दुसरी तपासणी दिव्याच्या प्रकाराची. बहुतेक मीटरांचं कॅलिब्रेशन टंगस्टनच्या 2856 केल्विन प्रकाशाखाली होतं. एका मित्राकडे प्रमाणपत्र असलेला चांगला मीटर आहे. टंगस्टनखाली दोघांचे आकडे जुळले, पण वर्गातल्यासारख्याच एलईडी ट्यूबखाली त्याचे 100 तर माझे 94. सेन्सरवरचा फिल्टर डोळ्याच्या संवेदनशीलतेशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून वर्णपट बदलला की चूकही बदलते. या ट्यूबसाठी माझा गुणक 1.06 ठरला.

मग वर्गातला आतल्या रांगेतला एक बाक घेतला. अपेक्षित पातळी 300 लक्स. रात्री फक्त ट्यूब लावून 215, दिवसा ट्यूब बंद ठेवून 80. नुसती बेरीज केली तर 295, म्हणजे बाक नापास. ट्यूबचे 215 गुणकाने 228 झाले. खिडकीचा सगळा उजेड 75 अंशांवरून येतो असं धरलं तर 80 चे 100 होतात. पण त्यातला काही भाग छतावरून परतून सरळही येतो, म्हणून खरा आकडा 80 ते 100 च्या दरम्यान. एकूण 308 ते 328. बाक पास!

दोन्ही उजेड एकत्र मोजले असते तर ही दुरुस्ती करताच आली नसती. म्हणून वेगवेगळं मोजण्याचा खटाटोप मला अगदी आवश्यक वाटतो. ढग सरकत असतील तर दिवसाची मोजणी मी थांबवतो.

पुढे एका कारखान्याची शेड आहे, तिथे सोडियम व्हेपर दिवे आहेत. 1.06 तिथे चालणार नाही, त्यांचा वर्णपट पिवळ्या-नारिंगीत एकवटलेला असतो. मित्राचा मीटर घेऊन त्याच दिव्यांखाली, ते पुरते तापल्यावर, नवा गुणक काढायचा आहे. खिडकीच्या उजेडाचा गुणक त्याआधी गच्चीवर, उत्तरेच्या आकाशाखाली.