चाळीस हजारांचा होकार मी का परतवला

साठ हजारांच्या कोटेशनवर डिझायनर फोनवर दोन मिनिटांत म्हणाला, "ठीक आहे भाऊ, चाळीसमध्ये करून देतो." मी म्हणालो, "नको, असं नको." फोन स्पीकरवर होता. समोर बसलेल्या आमच्या अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. फोन ठेवल्याबरोबर म्हणाले, "अरे बाप्पा, तो देऊन रायला होता ना! तुले झालं काय?" त्या दिवसापासून संचालक मंडळात हा वाद मिटलेला नाही. माझ्याही डोक्यातून तो जात नाही, म्हणून काय झालं ते एकदा नीट लिहून काढतो.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम पाहतो. कागदावर मुख्य कार्यकारी अधिकारी, पण तुरीची पोती मोजण्यापासून सीएच्या मागे लागण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच. आमचा मुख्य माल हळद. इकडच्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. सोबत मिरची पावडर, तूरडाळ, चणाडाळ आणि जवसाची चटणी. पाच मालांचे प्रत्येकी दोन पॅक, एक लहान, एक मोठा. म्हणजे दहा पाउच, आणि दहांचं डिझाइन करून हवं होतं.

डिझायनर हिंगणघाटचा, घरूनच काम करणारा तरुण. त्याचं काम मी आधी पाहिलं होतं. मराठी अक्षरांची जाण असलेला माणूस आमच्या भागात सहज मिळत नाही. त्याचं कोटेशन असं होतं: मुख्य डिझाइन 20,000, उरलेल्या नऊ पाउचसाठी प्रत्येकी 3,500 म्हणजे 31,500, आणि चित्रं 8,500. एकूण साठ हजार. मंडळाने मंजूर केले होते चाळीस.

त्याने चाळीसला हो म्हटल्यावर मी का थांबलो, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझ्या आधीच्या काळात कंपनीने एका एजन्सीकडून हळदीचं पाकीट करून घेतलं होतं. तेव्हाही भाव असाच तोडला होता. काम तेवढंच ठेवून पैसे निम्मे. एजन्सीने हो म्हटलं, आणि मग आमचं काम त्यांच्या यादीत सगळ्यांत खाली गेलं. शेवटी मिळाली ती फक्त जेपीजी. पुढे बदल करता येतील अशी कोरेलची ओपन फाइल मागितली तर त्याचे वेगळे पैसे सांगितले. आणि छपाई होऊन आली तेव्हा मोठ्या अक्षरांतल्या 'शुद्ध'चं जोडाक्षर फुटलेलं. फाइल छापखान्यात पाठवण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये बदलून घ्यावी लागतात, म्हणजे तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षराचा आकार मोडत नाही. पाच मिनिटांचं काम आहे ते. भाव पाडलेल्या कामावर ती पाच मिनिटं कोणी दिली नाहीत. ती पाकिटं अजून गोदामात पडून आहेत.

म्हणून कोणी दोन मिनिटांत वीस हजार सोडतो तेव्हा मला आनंद होत नाही. एक तर आधीचा आकडा फुगवलेला असतो, नाहीतर तो हे वीस हजार कामातून वसूल करणार असतो. हा पोरगा आकडा फुगवणारा नव्हता. त्याच्या आवाजावरून कळत होतं की त्या महिन्यात त्याच्या हाताला काम नव्हतं. अशा वेळी माणूस हो म्हणतो, पण महिनाभराने दुसरं बरं काम आलं की पहिला बळी आपला जातो. त्यात त्याची चूक आहे असं मी मानत नाही.

मी त्याला म्हटलं, "आमच्याजवळ चाळीस आहेत, हे खरं आहे. पण साठचं काम चाळीसमध्ये नको. चाळीसमध्ये काय बसते ते दोघं मिळून पाहू. दुपारी गोदामावर ये, लॅपटॉप आण."

अध्यक्षांचा इथेच पहिला आक्षेप. आपला आकडा समोरच्याला सांगायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. "दुसरा पंचवीसमध्ये देते म्हणून सांग, मंग पाय कसा खाली येते." असा दुसरा कोणी नव्हता. कापसाच्या व्यापाऱ्यासमोर ही रीत चालते, कारण तिथे गाडी रिकामी झाली की संबंध संपला. इथे हाच माणूस पुढची तीन वर्षं प्रत्येक नव्या पॅकला लागणार आहे. हिंगणघाट केवढं मोठं आहे? खोटं कोटेशन आठवड्यात उघडं पडतं.

दुपारी तो आला. मी दर कमी कर असं म्हटलंच नाही. एवढंच विचारलं की मुख्य डिझाइन एकदा झाल्यावर नुसतं नाव आणि आकार बदलायचे 3,500 कशाचे? तो जरा अडखळला, मग मोकळेपणाने बोलला. "भाऊ, खरं सांगू? त्यातलं निम्म्याच्या वर दुरुस्त्यांचं आहे." त्याने एका दुसऱ्या ग्राहकाचं व्हॉट्सअ‍ॅप उघडून दाखवलं, नाव झाकून. एका लेबलवर चार जणांचे व्हॉइस मेसेज. एकाला पिवळा गडद हवा, दुसऱ्याला फिका. वजनाचा आकडा तीनदा बदललेला, एमआरपी शेवटपर्यंत ठरलेली नाही. परवाना क्रमांक फोटोतून वाचून टाइप कर म्हणून पाठवलेला, त्यात एक अंक पुसट. 14 अंकांतला एक चुकला की लेबल वाया. ही सगळी झळ तो दरात आधीच धरून ठेवतो, आणि आमच्या मंडळात पाच संचालक आहेत हे त्याला माहीत होतं.

हे ऐकल्यावर खरी घासाघीस सुरू झाली, आणि ती त्याच्या मेहनतीवर नव्हती. मी कबूल केलं ते असं: दुरुस्त्या फक्त मी सांगणार, त्याही लेखी आणि दोनच फेऱ्यांत. सगळा मजकूर एका तक्त्यात आधीच टाइप करून देणार. निव्वळ वजन, घटक, परवाना क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरवा ठिपका कुठे, सगळं तपासलेलं. 'वायगाव हळद' हे नाव हळदीच्याच पॅकवर, तेही अधिकृत वापरकर्ता म्हणून आमची नोंद आहे म्हणून. तिसरी फेरी लागली तर तिचे वेगळे पैसे. तो म्हणाला, असं असेल तर नाव बदलायचे हजारच घेतो.

त्यानंतर त्याने जे सुचवलं ते आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. "पाउच छापताच कायले?" रोटोग्राव्हर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. पाउचचा आकार बदलला की नवा संच. सहा रंग धरले तर दहा पाउचना साठ सिलिंडर, आणि वर प्रत्येक पाउचची किमान ऑर्डर हजारोंत. उद्या पत्ता बदलला तर तो सिलिंडर पुन्हा. आमची चटणी महिन्याला काही शेकड्यांत जाते. त्याऐवजी साधे झिपचे उभे पाउच घ्यायचे आणि स्टिकर लावायचं. पुढचं स्टिकर सगळ्यांना एकाच मांडणीचं, फक्त मालाचं नाव आणि पट्टीचा रंग वेगळा. मागचं पांढरं, काळ्या अक्षरांचं. बॅच, पॅकिंगची तारीख, एमआरपी आपल्याच छोट्या लेबल प्रिंटरवर काढायची. चटणीचं तेल कागदी स्टिकरला लागून डाग पडतो, म्हणून तिच्यासाठी फिल्मचं स्टिकर. तोटा एकच, स्टिकर हाताने चिकटवावं लागतं आणि तिरपं बसलं की पाकीट गबाळं दिसतं. बचत गटाच्या बायांनी पुठ्ठ्याचा साचा करून तो प्रश्न सोडवला.

काम बदललं तसा हिशोबही बदलला. मुख्य डिझाइन 20,000, यातला एक रुपयाही मी कमी केला नाही. दुसऱ्या आकाराचे 3,500. चार नावांचे 4,000. मागच्या स्टिकरचा साचा 5,500. हळदीच्या कंदाचं एकच रेखाचित्र 3,500, बाकीची चित्रं रद्द. एकूण 36,500. साठवरून इथे आलो, आणि त्याच्या कामाच्या मोलाला हात न लावता.

पैशांचंही ठरवलं. निम्मे आगाऊ, निम्मे शेवटच्या फाइली हातात आल्यापासून सात दिवसांत. त्याची लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे, त्यामुळे कायद्यानेच 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर 15. उशीर केला आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर त्या वर्षीच्या आयकरात तो खर्च धरता येत नाही, हे सीएने मंडळाला समजावलं होतं. पण घरून काम करणाऱ्याला 45 दिवस म्हणजे दोन हप्ते थकणं. सात दिवसांचा शब्द त्याला दोन हजार जास्त मिळण्यापेक्षा मोलाचा वाटला, हे त्याने स्वतः सांगितलं. ओपन फाइली आणि कर्व्ह केलेली छपाईची फाइल, दोन्ही देणं त्याच्याकडे. हे काम त्याने आपल्या नमुन्यांत दाखवायला आमची हरकत नाही. मात्र 'तुझं नाव होईल' हे मी पैशांच्या जागी एकदाही वापरलं नाही. कष्ट करणाऱ्याला असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. आमच्या शेतकऱ्यांना कोणी 'तुमच्या हळदीचं नाव होईल, भाव कमी घ्या' म्हटलं तर हेच संचालक उठून जातील.

हे सगळं एका पानाच्या वर्क ऑर्डरवर उतरवलं आणि दोघांनी सह्या केल्या.

वाद उरला तो 3,500 चा. चाळीस मंजूर, 36,500 खर्च, मग उरलेले परत घ्या असं कोषाध्यक्ष म्हणाले. मी ते पहिल्या छपाईनंतरच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायला लावले. पडद्यावरचा पिवळा आणि स्टिकरवरचा पिवळा कधीच एक येत नाही. तसंच झालं, हळदीची पट्टी नमुन्यात हिरवट आली. त्याने रंगाचं प्रमाण बदलून पुन्हा नमुना काढला. ही तिसरी फेरी होती. त्याने बिल पाठवलं 1,500 चं, आणि मी ते त्याच दिवशी दिलं. अध्यक्षांच्या मते हे त्याने असंच करून द्यायला हवं होतं. मला वाटतं, ठरल्याप्रमाणे बिल पाठवायला त्याला संकोच वाटला नाही, हीच आमचा व्यवहार निरोगी असल्याची खूण आहे.

तरी अध्यक्षांचा एक प्रश्न मला पूर्ण खोडता येत नाही. ते म्हणतात, आकडा सांगितला नसता तर तीसमध्येही झालं असतं. झालं असतं कदाचित. तीसमध्ये स्टिकरची युक्ती त्याने सांगितली असती का, हे त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही. आता धणे पावडर आणि काळा मसाला, दोन नवीन नावं यायची आहेत. त्याने दर तोच लावलाय, नावाला हजार. अध्यक्ष म्हणतात आठशे करून पाय. येत्या बैठकीत विषयपत्रिकेवर तो विषय आहे, आणि मी हजारच मांडणार आहे.