सही पाहिजे होती

बेळगावातल्या कुठल्याही कचेरीत पाच मिनिटं उभं राहून बघा. "साहेब, एक सही पाहिजे होती," म्हणत माणूस टेबलाजवळ सरकतो. त्याच्या मागचा कन्नड माणूस "ओंद सही बेकित्त्रि" म्हणतो. सही दोघांनाही आत्ताच हवी असते, तरी दोघंही ती गरज भूतकाळात ढकलतात. नुसतं 'पाहिजे' म्हटलं की साहेबांच्या मानगुटीवर बसल्यासारखं होतं. 'होती' जोडलं की मागणी जरा मागं सरते आणि साहेबांना नाही म्हणायला वाव राहतो.

इंग्रजीतही हेच चालतं. पण भूतकाळ म्हणजे काल झालेलं, एवढंच डोक्यात बसलेलं असल्यामुळं आमची पोरं अडखळतात. टिळकवाडीतल्या माझ्या भाचीनं शिफारसपत्रासाठी सरांना मेल लिहायला घेतला: 'आय वॉन्ट अ रेकमेंडेशन लेटर. विल यू कम टू कॉलेज ऑन थर्सडे?' व्याकरण बिनचूक, पण सूर समन्स काढल्याचा.

पहिल्या वाक्याचं आम्ही 'आय वंडर्ड इफ यू कुड राइट मी अ रेकमेंडेशन लेटर' असं केलं.

"मामा, विचारतेय तर आत्ता. मग वंडर्ड कसं?"

"सही पाहिजे होती म्हणतेस तेव्हा कसं चालतं?"

'वंडर्ड'च्या मागोमाग 'कॅन'चंही 'कुड' होतं. रूपानं हे साधं विधान, म्हणून 'इफ कुड यू' असं उलटवायचं नाही आणि शेवटी प्रश्नचिन्हही नको. 'आय वॉज वंडरिंग' केलं तर आणखी मऊ. विचार अजून चाललाच होता, पक्का झाला नव्हता, असा आव त्यात येतो.

खरी गंमत दुसऱ्या वाक्यात आहे. 'विल यू कम?' हे 'याल का?' सारखं ऐकू येतं. म्हणजे विनंती, आणि सरांना होय-नाही ठरवणं भाग. 'विल यू बी कमिंग टू कॉलेज ऑन थर्सडे?' म्हणजे 'येणार आहात का?' तुमचं जे आधीच ठरलंय तेवढंच सांगा, माझ्यासाठी म्हणून येऊ नका. सर येणार नसतील तरी त्यांनी कुणाला नकार दिला असं होत नाही.

उत्तर देताना मात्र हा भूतकाळ गळून पडतो. 'कुड यू?' असं विचारल्यावर होकार 'येस, आय कॅन' असाच येतो; 'येस, आय कुड' म्हटलं की पुढं 'पण...' येणार असं वाटतं.

हे सगळं परक्या, मोठ्या माणसासाठी. घरात थोरल्या भावाला कुणी 'आय वॉज वंडरिंग' करून मीठ मागितलं तर तो आधी, काय बिनसलंय, ते विचारेल. आणि खानापूरच्या भरल्या बसमध्ये कुणी पायावर उभं राहिलं तर तिथं कुठला काळ? "ओ, पाय!"