एका रात्रीचा खंदक

"दिवसभर चालून दमलेली माणसं संध्याकाळी छावणीभोवती खंदक खणणार आणि सकाळी तो टाकून पुढे जाणार? हे रोमन वेडे होते का हो?"

नव्हते. पण व्याख्यान संपून चहा आला की हे कोणीतरी विचारतंच, आणि मी वर्षानुवर्षं "शत्रू आत येऊ नये म्हणून" एवढं सांगून मोकळा होत आलो. मग एका उन्हाळ्यात गावच्या शेतात आम्ही रोमन ग्रंथातल्या किमान मापाचा चर खणून पाहिला. पाच फूट रुंद, तीन फूट खोल. बारा वर्षांच्या भाच्याने तो एका उडीत ओलांडला. उपसलेल्या मातीचा बांध आम्ही आतल्या अंगाला घातला नव्हता, त्यावर टोकदार मेखाही रोवल्या नव्हत्या, हे कबूल. बांध असता तर पोरगं त्यावर आपटलं असतं. तरी माझं उत्तर त्या दिवशी लंगडं झालं ते झालंच.

कारण नुसत्या चराने फौज थोपत नाही, तिची धाव मोडते. तेवढ्या वेळात आतल्यांनी उठून रांगेत उभं राहायचं. त्यासाठीच तट आणि तंबू यांच्यामध्ये दोनशे फुटांची मोकळी पट्टी सोडलेली असे, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. बाहेरून फेकलेला भाला किंवा पेटती मशाल तंबूपर्यंत पोचायची नाही, आणि जमायला जागा मिळायची. छावणीचा आराखडा रोज तोच. त्यामुळे अंधारातही प्रत्येकाला आपला तंबू आणि आपली तटावरची जागा ठाऊक.

रात्रीचे पहारे चार. गस्तीचा घोडेस्वार सोबत साक्षीदार घेऊन फिरायचा आणि प्रत्येक चौकीवरच्या पहारेकऱ्याकडून खुणेची लाकडी पाटी गोळा करायचा. सकाळी पाट्या मोजल्या जात. एखादी कमी भरली तर ती कुठल्या चौकीची हे लगेच कळे. झोपलेला सापडला की त्याचेच सोबती त्याला काठ्या-दगडांनी ठेचत.

इथवर सांगितलं की लोक माना डोलावतात. मला मात्र इ.स. 15 मधली जर्मानियातली एक रात्र सोडत नाही.

चाळीस वर्षं नोकरी झालेला रोमन सेनानी काइकिना चार लेजन, म्हणजे रोमन फौजेच्या चार मोठ्या तुकड्या, घेऊन दलदलीतून ऱ्हाईन नदीकडे परतत होता. दिवसभर जर्मन म्होरक्या आर्मिनियसच्या माणसांनी झोडपलं. संध्याकाळी एकदाची कोरडी जमीन लागली, आणि तशाही अवस्थेत छावणी उभारायचीच होती. माती उपसायची, गवताची ढेकळं कापायची अवजारं बहुतेक हरवलेली. तंबू नाहीत, जखमांना बांधायला काही नाही. चिखल-रक्ताने माखलेलं अन्न वाटून खाताना, आता उद्याचा एकच दिवस उरला, असं माणसं बोलत होती. हे सगळं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय.

त्या रात्री एक घोडा दावं तोडून सुटला, आरडाओरड्याने बिथरला आणि समोर आलेल्यांना तुडवत सुटला. शत्रू आत घुसला, अशी आवई उठली. सगळे दरवाजांकडे धावले, त्यातही शत्रूच्या विरुद्ध बाजूच्या मागच्या दरवाजाकडे. काइकिनाने हुकूम दिले, विनवण्या केल्या, हाताने अडवलं. कोणी ऐकेना. शेवटी तो दरवाजात आडवा पडला. आपल्या म्हाताऱ्या सेनापतीला तुडवून जाणं त्यांच्याच्याने होईना, आणि तेवढ्यात अधिकाऱ्यांनी ही आवई खोटी असल्याचं पटवलं.

आता सांगा, तो तट कोणाला अडवत होता? मी म्हणतो, आतल्यांना. तट नसता तर ती माणसं चहूकडे पांगून दलदलीत गेली असती. बाहेर पडायला मोजकेच दरवाजे होते, म्हणून एका माणसाला आडवं पडून एक तरी दरवाजा बंद करता आला.

पण माझ्यातला जुना व्याख्याता इथे गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशीचं काय, म्हणतो. आर्मिनियसचं मत होतं की रोमनांना बाहेर पडू द्यावं आणि पुन्हा दलदलीत गाठावं. त्याचा चुलता इंग्विओमेरस म्हणाला, छावणीवरच चालून जाऊ. त्याचंच चाललं. पहाटे त्यांनी खंदक बुजवले, वर ताट्या टाकल्या, तटाचा माथा हातांनी धरला. तटावर मोजकेच शिपाई, भीतीने गोठल्यासारखे. मग आतून शिंगं वाजली आणि रोमन त्यांच्या पाठीवर तुटून पडले. म्हणजे तट कामी आलाच की! आला. पण शत्रूने आर्मिनियसचं ऐकलं असतं तर? छावणीची कड फक्त रात्रीपुरती, सकाळी तिच्याबाहेर पडावंच लागतं.

त्याच वर्षी काइकिनाचा वरिष्ठ सेनापती जर्मेनिकस याची माणसं सहा वर्षांपूर्वी जर्मानियात कापल्या गेलेल्या रोमन सेनापती वारुसच्या फौजेच्या जागी पोचली होती. पहिली छावणी ऐसपैस, तीन लेजनांच्या हातची, हे दिसत होतं. पुढे अर्धवट ढासळलेला तट आणि उथळ खंदक. उरलेसुरले तिथे थांबले होते. खंदक त्यांनीही खणला होता.