लामाखालचा जेर

ज्या ग्रंथालयात मी अरबी हस्तलिखितांची सूची करते, तिथे तक्रारी येतात त्या बहुतेक फोटो धूसर आल्याच्या. ही तक्रार वेगळी होती. आम्ही नुकत्याच ऑनलाइन चढवलेल्या एका कुराणाच्या हस्तलिखितात चूक आहे, ती अशी-तशी नसून मजकुरात केलेला फेरफार आहे, ते पान ताबडतोब काढा, असं एका वाचकाने लिहिलं होतं. सोबत पानाचा क्रमांक, आयतीचा क्रमांक आणि एका अक्षराभोवती लाल वर्तुळ. माणूस नेमका होता, हे मान्य करायला हवं. आमच्याकडच्या अर्ध्या नोंदीसुद्धा एवढ्या नेमक्या नसतात.

विभागप्रमुखांनी दुपारच्या आत निर्णय करून टाकला होता. नोंदीत ‘लेखनिकाची चूक’ असा शेरा घालायचा आणि वाचकाला आभाराचं पत्र पाठवायचं. आमच्या संगणकप्रणालीत त्यासाठी तयार रकानाच आहे: चूक, गाळलेला शब्द, दुरुस्ती, डाग. वेगळा पाठ असू शकतो, ही शक्यता प्रणाली बनवणाऱ्याच्या मनात कधी आलीच नसावी. मी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला.

वर्तुळ होतं सूरा माइदाच्या सहाव्या आयतीवर, म्हणजे वजूच्या आयतीवर. नमाजाआधी काय धुवायचं आणि कशावरून ओला हात फिरवायचा, हे ती सांगते. ‘फग़्सिलू वुजूहकुम व अय्दियकुम इलल् मराफिक’, म्हणजे तुमचे चेहरे आणि कोपरांपर्यंत हात धुवा. ‘वम्सहू बिरुऊसिकुम’, तुमच्या डोक्यांवरून ओला हात फिरवा. आणि पुढे पाय येतात, घोट्यांपर्यंत. मी कोकणातल्या आमच्या गावच्या मदरशात शिकले ते ‘व अर्जुलकुम’ असं, लाम या अक्षरावर जबर, म्हणजे ‘अ’ स्वराची खूण, देऊन. भारतात छापलेला कुठलाही कुराण उघडा, तिथे जबरच सापडेल. या हस्तलिखितात मात्र लामाखाली लाल शाईत जेर, म्हणजे ‘इ’ स्वराची खूण, होती: ‘व अर्जुलिकुम’.

फरक एका स्वराचा, पण अरबी व्याकरणात शब्दाचं वाक्यातलं नातं शेवटच्या स्वरावर ठरतं. जबर असेल तर ‘पाय’ हा शब्द ‘चेहरे’ आणि ‘हात’ यांच्या रांगेत जातो. त्यांनाही जबर आहे आणि ती ‘धुवा’ या क्रियापदाची कर्मं आहेत. म्हणजे पाय धुवायचे. जेर असेल तर तो शेजारच्या ‘डोक्यां’शी जोडला जातो. तिथे ‘बि’ या अव्ययामुळे जेर आलेला आहे आणि क्रियापद आहे ‘हात फिरवा’. म्हणजे पायांवरून नुसता ओला हात फिरवायचा. सुन्नी पाय धुतात, शिया हात फिरवतात. त्यामुळे तक्रारदाराला हा कोणा शिया लेखनिकाचा उद्योग वाटला. तसं त्याने सरळ लिहिलं नव्हतं, पण ‘फेरफार’ हा शब्द त्याने उगीच वापरला नव्हता.

भरीत भर म्हणजे त्याच लामाच्या डोक्यावर कोणीतरी नंतर काळ्या शाईने जबर ओढलेला होता. मूळ प्रतीत अक्षरं काळी आणि स्वरचिन्हं सगळी लाल. हा एकच काळा जबर वेगळ्या बोरूचा, जाडसर आणि घाईत ओढलेला. विभागप्रमुख म्हणाले, “बघ, मागच्या कोणालातरी चूक कळलीच होती.” प्रतीत दुरुस्ती दिसली की खालचं ते चूक, असं गृहीत धरणं ही आमच्या धंद्यातली सर्वांत आळशी सवय आहे.

स्वरावरून अर्थ उलटण्याच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. ‘इन्द्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा मिळण्याऐवजी वृत्रच मारला गेला, ही कथा संस्कृत शिकलेल्या कोणालाही माहीत असते. अरबी परंपरेतही तिची जुळी बहीण आहे. सूरा तौबाच्या तिसऱ्या आयतीत ‘अल्लाह मुश्रिकांपासून, म्हणजे अनेकेश्वरवाद्यांपासून, मुक्त आहे आणि त्याचा रसूलही, म्हणजे प्रेषितही’ असं आहे. तिथे ‘रसूलुहू’चं कोणीतरी ‘रसूलिही’ केलं, आणि अर्थ झाला ‘मुश्रिकांपासून आणि आपल्या रसूलापासूनही मुक्त’. ते ऐकून बसऱ्याच्या अबुल अस्वद दुअलींनी स्वरांच्या खुणा ठरवायला घेतल्या, असं सांगतात. तिथला जेर ही निखळ चूक. माइदातला जेर तसा नाही, आणि हा फरक व्याकरणाने ठरत नाही. व्याकरणाला दोन्ही वाक्यं चालतात. हे अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या उस्तादाकडून, अशी मुखपरंपरा मागे आहे की नाही, यावर ते ठरतं.

बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी (मृत्यू इ.स. 936) अशा परंपरांमधून सात कारींच्या, म्हणजे कुराणपठण करणाऱ्या उस्तादांच्या, किराअती, म्हणजे पठणाचे पाठ, मान्य धरल्या. त्या सातांत या एका लामावर सरळ दोन तट आहेत. मदिनेचे नाफिअ, दमास्कसचे इब्न आमिर आणि कूफ्याचे किसाई जबर वाचतात. मक्केचे इब्न कसीर, बसऱ्याचे अबू अम्र आणि कूफ्याचे हमजा जेर वाचतात. कूफ्याचेच आसिम यांचे दोन शिष्य तर आपसातच विभागलेले: हफ्स जबर, शुअबा जेर. आपण ज्याला ‘कुराणाचा पाठ’ म्हणून ओळखतो तो या हफ्सचा. आज जगात बहुतेक ठिकाणी तोच छापला जातो. तेव्हा त्या वाचकाचा राग मला समजतो. एकच पाठ कानावर पडत आला की दुसरा चुकलेलाच वाटणार.

आता ही प्रत खरोखर कोणा एका कारीची आहे, की लेखनिकाच्या हातून जेर निसटला, हे पाहायचं होतं. यासाठी सगळी प्रत वाचावी लागत नाही. ठरावीक ठिकाणं उघडली तरी एकेक नाव गळत जातं. पहिलं फातिहात, म्हणजे कुराणाच्या पहिल्या सूरेत. तिथे हफ्स ‘मालिकि यौमिद्दीन’ वाचतात, मीमवर खडा जबर. इथे तो नव्हता, साधा जबर होता: ‘मलिकि’, म्हणजे मालक नव्हे, राजा. आसिमांचे दोन्ही शिष्य ‘मालिकि’ वाचतात, म्हणून शुअबा बाद. उरले इब्न कसीर, अबू अम्र आणि हमजा. मग सूरा तकवीरची 24वी आयत. तिथे शब्द ‘दनीन’, कंजूष, असा आहे की ‘जनीन’, संशयित, हे दाद की जाअ या अक्षरावर ठरतं. प्रतीत स्वच्छ जाअ होता. हमजा दाद वाचतात, तेही गेले. शेवटी सूरा ताहाची 63वी आयत, जिथे फिरऔनची माणसं मूसा आणि हारूनना जादूगार म्हणतात. ‘हे दोघे’ यासाठी हफ्स आणि इब्न कसीर ‘हाज़ान’ अशा धाटणीचं रूप वाचतात. व्याकरणाच्या सरळ नियमाने ‘हाज़ैनि’ वाचणारे एकटे अबू अम्र. पान उलटलं, तर लाल शाईत ‘या’ घालून ‘हाज़ैनि’.

अबू अम्रांचे दोन प्रसिद्ध रावी, म्हणजे त्यांचा पाठ पुढे पोचवणारे, आहेत, दूरी आणि सूसी. सूसी ‘युअमिनून’मधला हमजा हा वर्ण गाळून ‘यूमिनून’ म्हणतात. प्रतीत हमजा जागच्या जागी होता. म्हणजे दूरी. तासाभराचं काम. पण आमच्या यादीत ही प्रत वर्षानुवर्षं ‘कुराण, उत्तर आफ्रिका’ एवढ्याच ओळीवर पडून होती. आधीच्या सूचीकाराने बहुधा शाईचा रंग पाहिला आणि पुढे गेला.

दूरीचा पाठ आज मुख्यतः सुदानात आणि आसपास चालतो. प्रतीची सुटी, न शिवलेली पानं आणि चामड्याची पिशवीही तिकडेच बोट दाखवतात. तरी नुसत्या किराअतीवरून मी ‘सुदान’ लिहिलं नसतं. उस्मानी काळात हफ्सचा पाठ पसरण्यापूर्वी अबू अम्रांचा पाठ इजिप्त, शाम म्हणजे सीरियाचा प्रदेश, आणि येमेनमध्येही वाचला जात असे. पिशवी, कागद आणि हस्ताक्षर यांनी साथ दिली म्हणून ‘बहुधा सुदान’.

आता मूळ मुद्दा. सुदानातले मुसलमान मालिकी पंथाचे, म्हणजे सुन्नी. ते ‘अर्जुलिकुम’ वाचतात आणि पाय धुतात. उलट इराणातल्या शियांच्या हातातला छापील कुराण हफ्सचा असतो. ते ‘अर्जुलकुम’ वाचतात आणि पायांवरून हात फिरवतात. तक्रारदाराच्या हिशेबाच्या नेमकं उलट.

हे कसं बसतं, यावर दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी शतकं घालवली आहेत. शिया म्हणतात, ‘डोकी’ हे ‘बि’मुळे जेरात असलं तरी मुळात क्रियापदाचं कर्मच आहे. त्याच्या त्या मूळ जागेशी ‘पाय’ जोडले तर जबर येऊनही अर्थ हात फिरवण्याचाच राहतो. सुन्नींकडे जेरासाठी एकाहून जास्त वाटा आहेत. कोणी म्हणतो, हा नुसता शेजाराचा परिणाम. बेदू म्हणतात ना, ‘हाजा जुहरु दब्बिन खरिब’, हे घोरपडीचं पडकं बीळ. पडकं बीळ आहे, घोरपड नव्हे, तरी ‘पडकं’ने घोरपडीचा जेर घेतला. पण ‘आणि’ने जोडलेल्या शब्दाला हा नियम लावणं अनेक वैयाकरणांना पटत नाही, मलाही ओढूनताणून वाटतं. कोणी म्हणतो, जबर उघड्या पायांसाठी, जेर चामडी मोजे घातलेल्या पायांसाठी. त्या मोज्यांवरून हात फिरवणं सुन्नींत चालतंच. आणि जमख्शरी (मृत्यू 1144) म्हणतात, पायांवर पाणी ओतलं जातं, तिथे उधळपट्टी फार होते. म्हणून ‘पाय’ मुद्दाम ‘हात फिरवा’च्या शेजारी बसवले, की धुताना हात आखडता ठेवा. मला हे स्पष्टीकरण आवडतं. खरं असेलच असं नाही, पण हौदावर पाणी उडवणारी माणसं त्यांनी पाहिलेली होती हे कळतं.

संध्याकाळी मी विभागप्रमुखांसमोर चारही ठिकाणची पानं ठेवली. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “मग खरा पाठ कोणता?” हा प्रश्न मला तक्रारीपेक्षा जास्त लागला. मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, रकान्यात दोन्ही लिहिता येत नाही.

वाचकाला मी सविस्तर पत्र लिहिलं. उलट उत्तर आलं: किराअती आहेत हे मान्य, पण सर्वसामान्यांसमोर अशी पानं ठेवू नयेत, गोंधळ होतो. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण पान तिथेच आहे. ‘चूक’चा रकाना मी रिकामा ठेवला आणि ‘इतर’मध्ये लिहिलं: ‘किराअत अबू अम्र, रिवायत दूरी, 5:6 इथे नंतरच्या हाताने काळ्या शाईत जबर.’

तो नंतरचा हात मात्र सुटत नाही. त्याने फातिहातल्या ‘मलिकि’ला हात लावलेला नाही, ‘हाज़ैनि’लाही नाही, फक्त या लामाला. पाठ हफ्सचा करायचा असता तर सगळीकडे केला असता. म्हणजे त्याला पाठाशी देणंघेणं नव्हतं, फिकहशी, धर्माच्या आचारनियमांशी, होतं. की शिकवता शिकवता दुसऱ्या किराअतीची नुसती नोंद केली, दोन्ही पाठ एकाच लामावर दाखवण्यासाठी? तसं असेल तर मी माझ्या नोंदीत ‘दुरुस्ती’ हा शब्द टाळला ते बरंच झालं. शाईची तपासणी मागितली आहे. ती शाईचं वय कदाचित सांगेल, हेतू सांगणार नाही.