पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर : आमच्या संघाच्या सहलीचा हिशोब

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल पुण्याहून निघाली, पहिला मुक्काम पंढरपूर, दुसऱ्या दिवशी तुळजापूर करून अक्कलकोटला मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी गाणगापूर करून रात्री परत. दर्शनं छानच झाली, पण बरेच जण विचारतायत की माणशी 4,650 कसे काढले, म्हणून लिहितोय.

बसवाला किलोमीटरवर पैसे घेतो, आम्हाला 60 रुपये रेट मिळाला आणि दिवसाला कमीत कमी 300 किमी धरतात, बस फिरो न फिरो. गॅरेज ते गॅरेज 920 किमी झाले म्हणजे 55,200. टोल, पार्किंग, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता आणि गाणगापूर कर्नाटकात असल्यामुळे तिकडचा टॅक्स, हे सगळं वेगळं, त्याचे 10,800 धरले. एकूण 66,000.

आता खरी गोम इथे आहे. नावं 40 आली होती, पण आपल्या वयात ऐनवेळी कोणाचा गुडघा धरतो, कोणाकडे नातवंडं येतात, आणि माणसं गळाली तरी बसचं भाडं तेवढंच राहतं. म्हणून भागाकार 40 नी न करता 33 नी केला, माणशी 2,000. दोघांत एक रूम, तीही तळमजल्यावरच हवी असं आधी फोनवर पक्कं केलं, दोन रात्रींचे 1,000. चहा-नाश्ता-जेवणाचे दिवसाला 400 प्रमाणे 1,200. अक्कलकोटला अन्नछत्रात प्रसाद घेतला तरी ते पैसे कमी केले नाहीत, तेवढी देणगी दिली. झाले 4,200, त्यावर साधारण दहा टक्के म्हणून 450 अडीअडचणीला.

शेवटी आलो 37 जण, त्यामुळे बसचे 8,000 उरले आणि तेही अडीअडचणीच्या पाकिटात गेले. ते पाकीट खजिनदारांकडे रोख, वेगळं, जेवणाच्या पैशात अजिबात मिसळायचं नाही. तुळजापूरला बस लांब लावावी लागली, ज्यांना चालवत नाही त्यांना रिक्षा केल्या, 2,500. रात्री अक्कलकोटला एका काकांची शुगर एकदम उतरली, घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं, लगेच साखरपाणी दिलं आणि गाडी करून सोलापूरला नेलं, गाडीचे 2,000 आणि डॉक्टर-औषधं 1,650. पैसे हातात होते म्हणून रात्री वर्गणी काढत बसायला लागलं नाही, काकूंनाही कोणाकडे मागावे लागले नाहीत. काका पहाटे परत आले आणि बसमध्येच आराम करत आले.

उरलेले 18,500, प्रत्येकाला 500 परत दिले आणि बिलांसकट हिशोब बोर्डावर लावला.

गाणगापूरहून एका दमात पुणे मात्र फार होतं, पाठी आखडल्या सगळ्यांच्या. तिथे एक मुक्काम वाढवला तर चौथ्या दिवसाचे 300 किमी मिनिमम धरून बसचेच माणशी पाचशेच्या वर वाढतात, वर रूम आणि जेवण. पुढच्या मीटिंगला हेच मांडणार आहे, माझं मत मुक्काम वाढवावा असंच आहे.